वारा वाढला म्हणजे मासळी वाढतेच, असे का नाही

प्रश्न : किनाऱ्याला समांतर वारा वाहिला की खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि त्यामुळे मासळी वाढते, असे वाचले. मग वारा जितका जोराचा तितकी मासळी जास्त, असे असायला हवे. पण एल निन्योच्या काळात वारा वाहत असूनही पेरूची मासळी का कोसळते? आणि उपग्रहाच्या नकाशावर समुद्र जिथे सर्वांत थंड दिसतो, नेमके तिथेच मासे का सापडत नाहीत?

उत्तर :

तुम्ही विचारलेल्या दोन्ही विसंगतींचे मूळ एकच आहे. वारा आणि मासळी यांच्यामध्ये तीन वेगवेगळे हिशेब असतात आणि आपण ते एका वाक्यात उरकून टाकतो. किती पाणी वर आले, हा पहिला हिशेब. ते पाणी कोणत्या थरातून आले, हा दुसरा. वर आल्यानंतर ते किनाऱ्याजवळ किती दिवस राहिले, हा तिसरा. वारा थेट ठरवतो तो फक्त पहिला. पुष्कळ वर्षे जहाजावरून पाण्याचे नमुने काढून त्यांतील नायट्रेट आणि प्राणवायू मोजण्याचे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मासळीच्या दृष्टीने दुसरा आणि तिसरा हिशेब अधिक निर्णायक ठरतात. मात्र कोणत्या किनाऱ्यावर कोणता हिशेब वरचढ ठरेल, हे अक्षांश, समुद्रबूड जमिनीची रुंदी आणि त्या वर्षीची समुद्राची अवस्था यांवर अवलंबून असते. म्हणून मी एकच किनारा घेऊन बोलतो : पेरूचा, दक्षिण गोलार्धातील सुमारे १० अंश अक्षांशावरचा. जगाच्या समुद्राच्या हजाराव्या भागाहूनही लहान असलेल्या या पट्ट्यातून जगातील सागरी मासळीपैकी सुमारे एक दशांश मासळी निघत आलेली आहे आणि तिच्यात मोठा वाटा अँकोव्हेटा या एकाच लहान माशाचा आहे.

आधी पाण्याच्या प्रमाणाचा हिशेब करू. ध्रुवीय संशोधक नान्सेन यांच्या ‘फ्राम’ जहाजाच्या १८९३ ते १८९६ या सफरीत असे आढळले की, तरंगते बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता तिच्या उजवीकडे कललेले जाते. समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ साली त्याचे गणित मांडले. वारा वरच्या थराला ढकलतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पाणी वळते, आणि वरच्या काही दशक मीटर जाडीच्या थराची एकंदर वाहतूक वाऱ्याशी काटकोन करते. ती उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे होते. पेरूच्या किनाऱ्यालगत वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. त्याच्या डावीकडे पश्चिम, म्हणजे खुला समुद्र आहे. वरचे पाणी किनारा सोडून निघून जाते आणि जमिनीच्या बाजूने भर घालायला पाणी नसल्यामुळे ती जागा खालच्या पाण्याने भरून निघते. यालाच आपण अपवेलिंग म्हणतो. वारा पाणी वर खेचत नाही. तो वरचे पाणी बाजूला सारतो आणि खालच्याला वर येणे भाग पडते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता आकडे घालू. वाऱ्याचा वेग सेकंदाला ६ मीटर धरला, तर १० अंश अक्षांशावर किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सेकंदाला साधारण २.२ घनमीटर पाणी समुद्राकडे जाते. तेवढेच पाणी किनाऱ्यालगतच्या सुमारे २० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात खालून वर येते, असे मानले, तर त्याचा वर चढण्याचा वेग दिवसाला नऊ-साडेनऊ मीटर निघतो. हा वेग इतका संथ आहे की कोणत्याही साध्या उपकरणाने तो प्रत्यक्ष मोजता येत नाही. आम्ही तो नेहमी अप्रत्यक्षपणेच काढतो. पण ६० मीटर खोलीवरचे पाणी सहा-सात दिवसांत प्रकाशात पोहोचण्यासाठी तो पुरेसा आहे.

खालच्या पाण्यात पोषकद्रव्ये का साठतात, हे थोडक्यात सांगतो. वरच्या प्रकाशमय थरात वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, नायट्रेट आणि फॉस्फेट वापरून वाढतात. त्यांचे अवशेष आणि त्यांना खाणाऱ्यांची विष्ठा खाली बुडते, जिवाणू ती कुजवतात आणि पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात मोकळी होतात. पण तिथे प्रकाश नसल्यामुळे ती वापरणारे कोणी नसते. परिणामी पृष्ठभागावरच्या जुन्या, उबदार पाण्यात नायट्रेट जवळपास संपलेले असते, तर थर्मोक्लाइनच्या, म्हणजे तापमान झपाट्याने उतरत जाणाऱ्या थराच्या, खालच्या पाण्यात ते लिटरमागे २० मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक असू शकते.

तो २० हा आकडा वरच्या २.२ घनमीटरला जोडून पाहा. प्लवकांच्या शरीरात कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण सरासरी १०६ अणूंना १६ अणू असे असते. त्यावरून किनाऱ्याच्या एका मीटरमागे वर येणारे नायट्रेट पूर्णपणे वापरले गेले, तर दिवसाला सुमारे ३०० किलो कार्बनाइतके प्लवक तयार होऊ शकते. हे उत्पादन ५० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यावर पसरले, असे धरले, तर प्रत्येक चौरस मीटरला दिवसाकाठी ६ ग्रॅम कार्बन येतो. खुल्या उष्ण समुद्रात हे उत्पादन अर्ध्या ग्रॅमच्याही खाली असते. आमचा ६ ग्रॅमचा आकडा कमाल मर्यादेचा आहे, कारण सगळे नायट्रेट कधीच वापरले जात नाही. विशेषतः जिथे समुद्रबूड जमीन अरुंद आहे तिथे तळाच्या गाळातून मिळणारे लोह कमी पडते आणि नायट्रेट शिल्लक असूनही वाढ अडते. पेरूच्या मध्य आणि उत्तर भागात ही जमीन रुंद आहे आणि अँकोव्हेटाचे मुख्य क्षेत्रही तिथेच आहे.

या गणिताने तुमच्या एल निन्योच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ हातात येते. वाऱ्याचा वेग तोच ठेवा, म्हणजे २.२ घनमीटर पाणी तसेच वर येत राहील. बदल फक्त एका ठिकाणी करा : वर येणाऱ्या पाण्यातील नायट्रेट २० ऐवजी २ मायक्रोमोल धरा. दिवसाचे ३०० किलो एकदम ३० किलोंवर येतात आणि चौरस मीटरमागचे ६ ग्रॅम ०.६ ग्रॅमवर घसरतात. वाऱ्याच्या नोंदी पाहणाऱ्याला या घसरणीचा पत्ताही लागणार नाही. प्रखर एल निन्योमध्ये प्रत्यक्षात असेच घडते. पश्चिम आणि मध्य प्रशांत महासागरात व्यापारी वारे ढिले पडले की विषुववृत्तावरून पूर्वेकडे एक लांबलचक लाट निघते. ती पृष्ठभागावर जेमतेम जाणवते, पण पाण्याच्या आत ती थर्मोक्लाइनला खाली दाबत जाते. साधारण दोन महिन्यांत ती दक्षिण अमेरिकेला धडकते आणि किनाऱ्याला धरून दोन्ही ध्रुवांच्या दिशेने पसरते. पेरूजवळ एरवी काही दशक मीटरवर असणारा हा थर त्यामुळे कित्येकदा शंभर मीटरच्याही खाली जातो. अपवेलिंग मात्र साधारण ५० ते १०० मीटर खोलीवरचेच पाणी उचलते. म्हणजे पंप चालू असतो, पण विहिरीतील चांगले पाणी नळीच्या टोकाखाली गेलेले असते.

१९८२-८३ च्या एल निन्योनंतर बार्बर आणि चावेझ यांनी १९८३ साली हा मुद्दा स्पष्टपणे मांडला. पेरूच्या किनाऱ्यालगतचे वारे त्या काळातही अपवेलिंगला अनुकूल राहिले होते, पण वर येणारे पाणी उबदार आणि पोषकद्रव्यांनी गरीब होते. ‘एल निन्योमध्ये अपवेलिंग थांबते’ हे वाक्य अजूनही वाचायला मिळते, म्हणून मी यावर जरा रेंगाळलो. केवळ वाऱ्यावरून काढलेल्या अपवेलिंग निर्देशांकाची मर्यादाही हीच आहे. बाकुन यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेला निर्देशांक किनाऱ्याच्या १०० मीटरमागे किती घनमीटर पाणी सरकले, एवढेच सांगतो. आपल्या उदाहरणात तो २२० येईल, आणि सुकाळ असो वा दुष्काळ, २२०च राहील. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासाठी अलीकडे पाण्याच्या प्रमाणासोबत त्यातील नायट्रेटही धरणारे निर्देशांक वापरात आले आहेत, ते याच कारणासाठी. तुमच्याकडे असा निर्देशांक नसेल, तर किमान वेगवेगळ्या खोलींवरचे तापमान पाहा. केवळ पृष्ठभागाच्या तापमानावर विसंबू नका.

येथून आपण तुमच्या थंड ठिपक्याकडे येतो. सुरुवातीच्या काळात एका मोहिमेत आम्हीही उपग्रहाच्या चित्रावरील सर्वांत थंड जागा निवडून जहाज थेट तिथे नेले होते. पाणी थंड होते आणि नायट्रेट भरपूर होते, पण पाण्याचा रंग हिरवा नव्हता आणि प्लवकांची जाळी जवळजवळ रिकामीच वर आली. आमच्यापैकी एकाने क्लोरोफिल मोजणाऱ्या संवेदकावरच शंका घेतली आणि अर्धा दिवस तो खोलून तपासण्यात गेला. संवेदक ठीक होता. आम्ही आलो होतो वेळेआधी.

नुकतेच वर आलेले पाणी म्हणजे नांगरलेले, खत घातलेले, पण अजून न उगवलेले शेत. त्याच्यासोबत वर आलेल्या डायाटम या वनस्पतिप्लवकांच्या पेशी अंधारातून आलेल्या असतात. प्रकाशाशी जुळवून घेऊन भरभर विभाजित होऊ लागायला त्यांना काही दिवस लागतात. दाट बहर यायला साधारण पाच ते सात दिवस जातात आणि त्यानंतर प्राणिप्लवकांची वाढ आणखी मागाहून येते. दरम्यान पाणी एका जागी थांबलेले नसते. तेच २.२ घनमीटर २५ मीटर जाडीच्या थरातून बाहेर जात असेल, तर त्या थराचा वेग दिवसाला सात-आठ किलोमीटर पडतो. म्हणजे बहर भरात येईपर्यंत ते पाणी किनाऱ्यापासून ४०-५० किलोमीटर दूर आणि वाऱ्याच्या दिशेने बरेच पुढे गेलेले असते, शिवाय उन्हाने तापून नकाशावर तितके थंडही दिसत नाही. मासे अन्नाच्या मागे असतात. त्यामुळे ते बहुधा थंड पट्ट्याच्या कडेला, थंड आणि कोमट पाणी जिथे एकमेकांना भिडते तिथे, किंवा वारा मंदावून पाणी पुन्हा किनाऱ्याकडे सरकते तेव्हा किनाऱ्याजवळ सापडतात.

पाणी ताजे आहे की जुने, हे ओळखण्याची माझी पद्धत अशी आहे. नायट्रेट आणि विरघळलेला प्राणवायू एकत्र पाहायचे. नायट्रेट जास्त आणि प्राणवायू संपृक्ततेहून बराच कमी असेल, तर ते पाणी नुकतेच अंधारातून आलेले आहे. नायट्रेट घटलेले आणि प्राणवायू संपृक्ततेच्या वर गेलेला असेल, तर तिथे प्रकाशसंश्लेषण जोरात झाले आहे आणि पाणी वर येऊन काही दिवस लोटले आहेत. नायट्रेट कमी आणि प्राणवायूही जेमतेम संपृक्ततेइतकाच असेल, तर बहुधा ते बाहेरचे जुने, गरीब पाणी आहे. पृष्ठभागाचे तापमान या तीन अवस्था खात्रीने वेगळ्या करू शकत नाही, कारण १८ अंशांचे पाणी हे खालून तसेच आलेले असू शकते किंवा १५ अंशांवर वर येऊन उन्हात तापलेलेही असू शकते.

आता जोरदार वाऱ्याकडे वळतो. सर्व अनुकूल असताना तरी जास्त वाऱ्याने जास्त मासळी मिळावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. अन्नाच्या एकूण उत्पादनापुरते ते काही मर्यादेपर्यंत खरेही आहे. पण माशांची संख्या मोठ्या माशांच्या पोटावर तितकीशी ठरत नाही, जितकी ती अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांच्या पहिल्या काही दिवसांवर ठरते. हे पिल्लू काही मिलिमीटर लांबीचे असते, फार पोहू शकत नाही आणि त्याच्या तोंडासमोर आलेलेच खाऊ शकते. कॅलिफोर्नियाच्या अँचोव्हीवर काम करताना लास्कर यांना १९७० च्या दशकात दिसले की, पहिल्यांदा खाऊ लागलेल्या पिल्लांना मिलिलिटरमागे २० ते ४० इतक्या दाटीने योग्य आकाराच्या पेशी लागतात. अशी दाटी समुद्रात सरसकट नसते, शांत पाण्यात तयार होणाऱ्या पातळ थरांमध्येच असते. एका वादळाने तो थर ढवळून टाकला आणि तेच अन्न जास्त पाण्यात विखुरले गेल्यामुळे पिल्लांना ते पुरेसे मिळणे अशक्य झाले. अन्नाचे प्रमाण तेच होते, दाटी मोडली होती. याशिवाय जोरदार वाऱ्यामुळे ही पिल्ले किनाऱ्यापासून दूर, अन्न नसलेल्या पाण्यात वाहून जातात.

क्युरी आणि रॉय यांनी १९८९ साली पेरू, कॅलिफोर्निया आणि वायव्य आफ्रिका येथील मासळीच्या नोंदी वाऱ्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा नव्या पिढीची भर सेकंदाला पाच-सहा मीटर वाऱ्याच्या आसपास सर्वांत चांगली आढळली. त्याखाली पोषण कमी पडते आणि त्यावर ढवळण व वाहून जाणे नडते. हा आकडा मी नियम म्हणून वापरत नाही. खाड्या, भूशिरे आणि भोवरे पिल्लांना आसरा देतात आणि तिथे थोडा अधिक वारा सोसतो. पण दिशा म्हणून तो उपयुक्त आहे.

याच ठिकाणी अक्षांशाचा खेळ लक्षात येतो, आणि मला तो या विषयातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वळवणारा परिणाम कमी असतो, आणि विचित्र वाटले तरी त्यामुळे त्याच वाऱ्याने अधिक पाणी सरकते. सेकंदाला ६ मीटरचा वारा १० अंशांवर किनाऱ्याच्या मीटरमागे २.२ घनमीटर पाणी सरकवतो, तर ४० अंशांवर जेमतेम ०.६ घनमीटर. ४० अंशांवर तेवढेच २.२ घनमीटर हवे असतील, तर वारा सेकंदाला साडेअकरा मीटरच्या जवळ लागेल, कारण पाण्याची वाहतूक वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. पण ढवळण वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे तेच पोषण मिळवण्यासाठी तिथल्या पिल्लांना सुमारे सातपट ढवळण सोसावी लागेल. पेरूला मंद वाऱ्यात भरपूर पाणी मिळते. त्याच्या मासळीचे एकमेव कारण हे नाही, पण इतर अपवेलिंग क्षेत्रांपेक्षा तिथे क्षेत्रफळामागे इतकी जास्त मासळी का निघते, याच्या उत्तरात या भौगोलिक सवलतीचा मोठा वाटा आहे. उलट बाजूने सोमालियाचा किनारा पाहा. नैर्ऋत्य मोसमी काळात तिथे जगातील अत्यंत जोरदार अपवेलिंगांपैकी एक होते, पण वारा इतका प्रचंड असतो की थंड पाणी वेगाने अरबी समुद्रात फेकले जाते, आणि अँकोव्हेटासारखे प्रचंड थवे तिथे उभे राहत नाहीत.

एक छोटी दुरुस्तीही करतो, कारण या विषयावरच्या लेखनात ती नेहमी राहून जाते. अँकोव्हेटा थेट वनस्पतिप्लवक खातो आणि म्हणून अन्नसाखळी आखूड राहून मासळी जास्त मिळते, असे अनेक वर्षे शिकवले गेले. माशांच्या पोटातील अन्नाचा कार्बनच्या हिशेबाने अभ्यास झाल्यावर असे दिसले की, संख्येने डायाटम जास्त असले तरी बहुतेक पोषण मोठ्या प्राणिप्लवकांतून, विशेषतः क्रिल आणि कोपेपॉड यांतून येते. साखळी आखूड आहे, पण समजली गेली तितकी नाही. प्रत्येक पायरीला ढोबळमानाने नव्वद टक्के ऊर्जा गळते, त्यामुळे एक पायरी इकडेतिकडे झाली की मासळीचा अंदाज दहापट चुकतो.

जास्त अपवेलिंगची आणखी एक किंमत प्राणवायूच्या रूपाने मोजावी लागते. बहर जितका दाट तितके जास्त अवशेष खाली जाऊन कुजतात आणि तितका जास्त प्राणवायू खर्च होतो. पेरूजवळ काही ठिकाणी ५० मीटरच्याही आत प्राणवायू जवळजवळ संपतो. अँकोव्हेटा त्यामुळे वरच्या पातळ थरात कोंडलेला राहतो, आणि पर्ससीन जाळ्यांना तो सहज मिळतो, याचे हेही एक कारण आहे.

हे कोंडले जाणे एल निन्योच्या सुरुवातीला सर्वांत फसवे ठरते, म्हणून मासळीच्या नोंदी वाचणाऱ्याने ते ध्यानात ठेवावे. उबदार पाणी पसरू लागले की मासा लगेच मरत नाही. तो किनाऱ्याला चिकटून उरलेल्या थंड पाण्याच्या लहान पट्ट्यांत आणि कप्प्यांत गोळा होतो. जाळे टाकावे तिथे तो भरभरून येतो आणि प्रत्येक फेरीमागची पकड वाढलेली दिसते. १९७२ च्या सुरुवातीला असेच झाले. १९७० मध्ये अँकोव्हेटाची पकड १.२ कोटी टनांच्या पुढे गेलेली होती, साठ्यावर आधीच प्रचंड ताण होता, आणि गोळा झालेल्या माशांवर मासेमारी चालूच राहिली. नव्या पिढीची भर त्या वर्षी अत्यंत कमी होती, पण ते पकडीच्या आकड्यांत दिसायला वेळ लागला, आणि दिसले तेव्हा साठा कोसळला होता. १९९८ मध्ये पकड १७ लाख टनांच्या आसपास घसरली. २०२३ मध्ये पाहणीत पिल्लांचे प्रमाण फार जास्त आढळल्यामुळे उत्तर-मध्य क्षेत्रातील पहिला हंगाम पेरूने उघडलाच नाही. त्यामुळे किनाऱ्याजवळ पकड अचानक वाढल्याचे दिसले आणि त्याच वेळी पाण्याच्या आतील तापमानाच्या नोंदीत थर्मोक्लाइन खाली जात असेल, तर मी ती वाढ मासळीची न मानता जागा आकसल्याची मानतो, आणि पुढची पाहणी होईपर्यंत फेरीमागच्या पकडीचा आकडा हिशेबात धरत नाही.